व्होगेलचं उत्तर किमान खर्चाच्या पद्धतीइतकंच येतंय? शिळा दंड शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. कुठून कुठे किती माल पाठवला तर भाडं कमीत कमी लागेल, हे वाहतूक तक्त्याचं गणित किमान खर्चाच्या आणि व्होगेलच्या, अशा दोन्ही पद्धतींनी सोडवलं. किमान खर्चाच्या चौकटीपासून सुरुवात करून जो एकूण खर्च आला, नेमका तोच व्होगेलच्या पद्धतीनेही आला. पुस्तकात मात्र व्होगेलचं उत्तर कमी दिलंय. बेरीज तपासली, गुणाकार तपासले, पुरवठा-मागणी जुळतेय, वाटप झालेल्या चौकटीही मोजून बरोबर भरल्या. मग चुकलं कुठे?

दहातल्या बऱ्याच वह्यांत चूक एकाच जागी सापडते. व्होगेलच्या पद्धतीत प्रत्येक ओळीचा आणि स्तंभाचा दंड, म्हणजे स्वस्त चौकट हुकली तर बसणारा भुर्दंड, काढावा लागतो. पहिल्या फेरीत काढलेले हे दंड शेवटपर्यंत वापरलेले असतात. ही चूक बेरजेत दिसत नाही, तक्ता पूर्ण जुळतो, म्हणून ती पकडायला वेळ लागतो. खाली एक गणित पूर्ण सोडवून दाखवलं आहे. त्यात ही चूक केली की व्होगेलचं उत्तर एका रुपयाचाही फरक न पडता किमान खर्चाच्या उत्तरावर जाऊन बसतं.

गणित

तीन ठिकाणी कापूस गोळा झालाय: मारेगाव, राळेगाव आणि घाटंजी. तो चार ठिकाणच्या जिनिंगला पोचवायचा आहे: वणी, पांढरकवडा, यवतमाळ आणि हिंगणघाट. चौकटीतला आकडा म्हणजे एका क्विंटलचं भाडं, रुपयांत. गावं खरी आहेत, भाड्याचे आणि क्विंटलचे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत.

| | वणी | पांढरकवडा | यवतमाळ | हिंगणघाट | पुरवठा |
|---|---|---|---|---|---|
| मारेगाव | ३५ | ४० | ९० | ७० | ३०० |
| राळेगाव | ६५ | ३५ | ५० | ४५ | २५० |
| घाटंजी | ८० | ३० | ४५ | ८५ | ३५० |
| मागणी | २०० | २५० | २५० | २०० | ९०० |

तक्ता भरण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. सगळे आकडे प्रति क्विंटलच आहेत ना? कापूस फुगीर माल, गाडी वजनाआधी जागेने भरते. त्यामुळे भाडं खेपेवर ठरलं असेल तर प्रत्यक्षात जेवढे क्विंटल गाडीत बसले त्यानेच भागायचं, गाडीच्या कागदोपत्री क्षमतेने नाही. एका स्तंभात खेपेचा दर आणि बाकीच्यांत क्विंटलचा दर राहिला, तर त्या स्तंभाचा दंड उगाच प्रचंड दिसतो आणि पहिलं वाटप तिथेच जातं.

आधी किमान खर्चाची पद्धत

नियम साधा आहे. अख्ख्या तक्त्यात सगळ्यात स्वस्त चौकट शोधा, तिथे जमेल तेवढं जास्तीत जास्त वाटप करा, जी ओळ किंवा जो स्तंभ संपला त्यावर काट मारा, आणि उरलेल्या तक्त्यात पुन्हा तेच करा.

सगळ्यात स्वस्त आकडा ३०, म्हणजे घाटंजी ते पांढरकवडा. तिथे २५० गेले, पांढरकवडा भरलं, घाटंजीत १०० उरले. पुढचा ३५, मारेगाव ते वणी. तिथे २०० गेले, वणी भरलं, मारेगावात १०० उरले. राळेगाव ते पांढरकवडाही ३५ आहे, पण तो स्तंभ आधीच बंद झालाय. मग ४५ दोन ठिकाणी येतो. राळेगावहून हिंगणघाटला २०० आणि घाटंजीहून यवतमाळला १००. कोणताही आधी घेतला तरी इथे फरक पडत नाही, कारण दोन्ही चौकटी वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या स्तंभात आहेत. राळेगावचे उरलेले ५० यवतमाळला, ५० रुपयांनी. आणि मारेगावच्या उरलेल्या १०० क्विंटलला एकच दार उघडं आहे: यवतमाळ, ९० रुपये.

हिशेब: ७,५०० + ७,००० + ९,००० + ४,५०० + २,५०० + ९,००० = ३९,५०० रुपये.

तक्त्यातली सगळ्यात महाग चौकट शेवटी गळ्यात पडली. पद्धतीचा स्वभावच तसा आहे. ती फक्त समोरचा स्वस्त आकडा बघते, तो घेतल्यावर दुसऱ्या कुणाची वाट बंद होते हे बघत नाही. पांढरकवडा घाटंजीने पूर्ण भरून टाकलं तेव्हा मारेगावची ४० रुपयांची वाट गेली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

व्होगेलची पद्धत, जशी करायला हवी तशी

वाहतुकीचं हे गणित १९४१ मध्ये हिचकॉक यांनी मांडलं. दंडाची ही पद्धत राइनफेल्ड आणि व्होगेल यांच्या १९५८ च्या पुस्तकातून पसरली. दंड म्हणजे एखाद्या ओळीत किंवा स्तंभात सगळ्यात स्वस्त आणि त्यानंतरची स्वस्त या दोन आकड्यांमधला फरक. पहिली पसंती हातची गेली तर क्विंटलमागे निदान किती भुर्दंड बसेल, ते हा आकडा सांगतो. ज्याचा भुर्दंड सगळ्यात मोठा, त्याला आधी त्याची स्वस्त चौकट द्यायची.

पहिली फेरी. मारेगावच्या ओळीत ३५ आणि ४०, दंड ५. राळेगावात ३५ आणि ४५, दंड १०. घाटंजीत ३० आणि ४५, दंड १५. स्तंभांत वणी ३५ आणि ६५, दंड ३०. पांढरकवडा ३० आणि ३५, दंड ५. यवतमाळ ४५ आणि ५०, दंड ५. हिंगणघाट ४५ आणि ७०, दंड २५. सगळ्यात मोठा वणीचा ३०. वणीच्या स्तंभात स्वस्त चौकट मारेगावची, तिथे २०० द्या. वणी भरलं, त्यावर काट. मारेगावात १०० उरले.

आता थांबा. पेन इथेच चुकतं.

वणी बंद झालं म्हणजे मारेगावसाठी ३५ हा आकडा आता अस्तित्वातच नाही. मारेगावची पहिली पसंती आता पांढरकवडा, ४० रुपये, आणि दुसरी हिंगणघाट, ७० रुपये. दंड ५ वरून थेट ३० झाला. आता तक्त्यातला सगळ्यात मोठा दंड हाच. म्हणून दुसऱ्या फेरीत मारेगावहून पांढरकवड्याला १०० द्यायचे. मारेगावची ओळ संपली, पांढरकवड्याची मागणी १५० उरली.

तिसऱ्या फेरीत हिंगणघाटचा दंड बघा. मारेगावचे ७० गेले, आता उरले ४५ आणि ८५. दंड २५ वरून ४०. राळेगावहून हिंगणघाटला २०० द्या, हिंगणघाट बंद, राळेगावात ५० उरले.

चौथ्या फेरीत राळेगावात ३५ आणि ५०, दंड १५. घाटंजीत ३० आणि ४५, दंड १५. बरोबरी झाली. बरोबरीत ज्या ओळीतली स्वस्त चौकट अधिक स्वस्त ती घ्यावी, असा बऱ्याच पुस्तकांतला संकेत आहे, म्हणून घाटंजी. घाटंजीहून पांढरकवड्याला १५०. मग उरलं फक्त यवतमाळ: घाटंजीहून २००, राळेगावहून ५०.

हिशेब: ७,००० + ४,००० + ९,००० + ४,५०० + ९,००० + २,५०० = ३६,००० रुपये.

चौथ्या फेरीत राळेगाव घेतलं असतं तर राळेगावहून पांढरकवड्याला ५०, घाटंजीहून पांढरकवड्याला १०० आणि यवतमाळला २५० गेले असते, आणि खर्च तेवढाच, ३६,००० आला असता. म्हणून शेजाऱ्याचं वाटप तुमच्याहून वेगळं दिसलं तर लगेच चूक समजू नका, आधी एकूण खर्च ताडून बघा.

शिळ्या दंडाने काय होतं

आता तेच गणित चुकीच्या पद्धतीने करा. पहिल्या फेरीतले दंड मोठ्यापासून लहानाकडे लावले तर यादी अशी होते: वणी ३०, हिंगणघाट २५, घाटंजी १५, राळेगाव १०, मारेगाव ५ आणि खाली बाकीचे दोन. पुन्हा दंड न काढता याच यादीने खाली उतरत जा.

वणीला मारेगावहून २००. हिंगणघाटला राळेगावहून २००. मग घाटंजीची पाळी, तिची स्वस्त चौकट पांढरकवडा, तिथे सगळेच्या सगळे २५०. राळेगावचे ५० यवतमाळला. मारेगावची पाळी येईपर्यंत वणी, पांढरकवडा आणि हिंगणघाट तिन्ही भरलेले. १०० क्विंटल पुन्हा ९० रुपयांच्या चौकटीत. उरलेले १०० घाटंजीहून यवतमाळला. खर्च ३९,५००. चौकटी त्याच, आकडे तेच, किमान खर्चाच्या पद्धतीचीच हुबेहूब नक्कल.

चूक डोळ्यांत का भरत नाही, त्यालाही कारण आहे. खालचा तक्ता बघा. चार फेऱ्यांतले बरोबर दंड त्यात आहेत.

| | फेरी १ | फेरी २ | फेरी ३ | फेरी ४ |
|---|---|---|---|---|
| मारेगाव | ५ | ३० | – | – |
| राळेगाव | १० | १० | १० | १५ |
| घाटंजी | १५ | १५ | १५ | १५ |
| वणी | ३० | – | – | – |
| पांढरकवडा | ५ | ५ | ५ | ५ |
| यवतमाळ | ५ | ५ | ५ | ५ |
| हिंगणघाट | २५ | २५ | ४० | – |

प्रत्येक काटेनंतर उरलेल्या दंडांपैकी एकच बदललाय. बाकीचे जसेच्या तसे. विद्यार्थी दोन-तीन दंड पुन्हा काढून बघतो, तेच येतात, आणि मग तो पुन्हा काढणं सोडून देतो. पण जो एक बदलतो त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

यातूनच मेहनत वाचवायची युक्तीही मिळते. स्तंभावर काट मारली की फक्त ओळींचे दंड बदलू शकतात. ओळीवर काट मारली की फक्त स्तंभांचे. आणि त्यातही, काट गेलेला आकडा त्या ओळीतल्या किंवा स्तंभातल्या सगळ्यात लहान दोन आकड्यांपैकी असेल तरच. वणी बंद झालं तेव्हा राळेगावचे ६५ आणि घाटंजीचे ८० गेले, पण ते त्यांच्या पहिल्या दोनांत नव्हते, म्हणून त्यांचे दंड हलले नाहीत. मारेगावचे ३५ पहिल्या दोनांत होते, म्हणून हलला. वहीत सोपं जावं म्हणून प्रत्येक ओळीतल्या आणि स्तंभातल्या सगळ्यात लहान दोन आकड्यांखाली पेन्सिलने रेघ मारा. रेघ असलेला आकडा काटेखाली गेला की त्याचा दंड पुन्हा काढा, तिसऱ्या आकड्याखाली नवी रेघ द्या. फेरीमागे सातच्या सात वजाबाक्या करायची गरज उरत नाही, आणि सुटायचंही काही नाही.

दंड काढताना आणखी दोन गोष्टींत गोंधळ होतो. ओळीत सगळ्यात लहान आकडा दोनदा आला, समजा ४० आणि ४०, तर दंड शून्य. पुढचा वेगळा आकडा शोधून त्यातून वजाबाकी करायची नाही. पहिली पसंती हुकली तरी तेवढ्याच भाड्याची दुसरी आहे, भुर्दंड कसला? आणि एखाद्या स्तंभात एकच चौकट उघडी राहिली तर दंड काय लिहायचा, यावर पुस्तकांत मतभेद आहेत. कुणी तोच आकडा दंड म्हणून लिहितात, कुणी आडवी रेघ देतात. त्यावर वेळ घालवू नका. स्तंभात एक चौकट उरते म्हणजे ओळच एक उरली आहे, आणि मग वाटप ठरलेलंच असतं. काहीही लिहिलं तरी उत्तर बदलत नाही.

स्प्रेडशीटवर करत असाल तर

भाडं `B2` ते `E4` मध्ये, मागणी पाचव्या ओळीत, पुरवठा `F` स्तंभात ठेवा. दंडासाठी ही दोन सूत्रं पुरतात. पहिलं `G4` पर्यंत खाली ओढा, दुसरं `E6` पर्यंत उजवीकडे.

```
G2:  =SMALL(B2:E2,2)-SMALL(B2:E2,1)
B6:  =SMALL(B2:B4,2)-SMALL(B2:B4,1)
```

स्तंभ संपला की त्यातल्या तिन्ही चौकटींत `x` टाका. `SMALL` अक्षरं मोजत नाही, त्यामुळे दंड आपोआप ताजे होतात. वणीच्या तीन चौकटींत `x` टाकताच `G2` मधले ५ बदलून ३० झालेले दिसतील. संपलेल्या स्तंभाखाली `#NUM!` येईल, ते बरोबर आहे. फक्त `x` ऐवजी शून्य टाकू नका. शून्य ही त्या ओळीतली सगळ्यात स्वस्त चौकट ठरते आणि सगळे दंड बिघडतात. मूळ भाड्याचा तक्ता दुसऱ्या पानावर तसाच ठेवा, शेवटच्या गुणाकाराला तो लागतो.

आपली चूक झाली का, हे कसं कळेल

दोन्ही पद्धतींचा खर्च सारखा आला म्हणजे चूकच झाली असं नाही. काही तक्त्यांत तसं खरोखर होतं. पक्कं करायचं तर महागड्या चौकटीपासून एक फेरा मारून बघा.

३९,५०० च्या वाटपात ९० रुपयांच्या चौकटीत १०० क्विंटल आहेत. मारेगाव ते पांढरकवडा ही रिकामी चौकट घ्या आणि त्यात एक क्विंटल टाकून बघा. मारेगावचा पुरवठा जुळवायला मारेगाव-यवतमाळमधून एक काढा. यवतमाळची मागणी जुळवायला घाटंजी-यवतमाळमध्ये एक घाला. घाटंजीचा पुरवठा जुळवायला घाटंजी-पांढरकवड्यातून एक काढा. फेरा बंद झाला. खर्चातला बदल: ४० − ९० + ४५ − ३० = −३५. म्हणजे क्विंटलमागे ३५ रुपये वाचतात. काढायच्या दोन चौकटींत १०० आणि २५० आहेत, लहान आकडा १००, म्हणून १०० क्विंटल फिरवता येतात. १०० गुणिले ३५ म्हणजे ३,५००. आणि ३९,५०० वजा ३,५०० बरोबर ३६,०००. शिळ्या दंडाची किंमत रुपया-पैशांत समोर आली.

मॉडी पद्धत प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी असाच क्विंटलमागचा बदल काढते. ३६,००० च्या वाटपावर तिने सगळ्या रिकाम्या चौकटी तपासल्या तर एकही ऋण येत नाही. राळेगाव-पांढरकवडा या चौकटीत शून्य येतं, बाकी सगळ्या धन. म्हणजे हेच इष्टतम, याहून कमी खर्च शक्य नाही, आणि त्या शून्याचा अर्थ असा की याच खर्चात दुसरं वाटपही आहे. चौथ्या फेरीतल्या बरोबरीत सापडलं होतं तेच ते.

माल जास्त असला की दोन्ही पद्धती घसरतात

दुसरी नेहमीची तक्रार: तक्ता असमान असला की व्होगेलचं उत्तर कधी छान येतं, कधी वाईट. वरच्याच गणितात घाटंजीला ३५० ऐवजी ४५० क्विंटल आहेत असं धरा. मागणी ९०० च, पुरवठा १,०००. शिल्लक १०० क्विंटलसाठी शून्य भाड्याचा डमी स्तंभ जोडायचा. तिथे गेलेला माल म्हणजे जागेवरच पडून राहिलेला.

शून्य आले की ओळींचे दंड पार बदलतात. प्रत्येक ओळीत सगळ्यात लहान आकडा आता शून्य, म्हणून दंड म्हणजे त्या ओळीतलं सगळ्यात स्वस्त खरं भाडं: मारेगाव ३५, राळेगाव ३५, घाटंजी ३०. दोन पसंतींमधला फरक हा दंडाचा मूळ अर्थच हरवला. वर मारेगाव आणि राळेगाव यांची बरोबरी. दोघांचीही स्वस्त चौकट शून्याची, दोघांतही १०० च बसतात. म्हणजे अधिक स्वस्त चौकट घ्या किंवा जास्त वाटप बसेल ती घ्या, हे बरोबरी सोडवायचे नेहमीचे दोन्ही संकेत इथे गप्प बसतात.

मारेगाव घेतलं, म्हणजे मारेगावचा १०० क्विंटल माल जागेवर ठेवला, तर पुढे नीट चालून खर्च ३५,००० येतो, आणि तो इष्टतम आहे. राळेगाव घेतलं तर राळेगावात १५० च उरतात, हिंगणघाटचे शेवटचे ५० घाटंजीहून ८५ रुपयांनी न्यावे लागतात, आणि खर्च ३७,७५० वर जातो. दंड ताजे, पद्धत बरोबर, तरी २,७५० चा फरक, एका बरोबरीमुळे.

किमान खर्चाच्या पद्धतीत याहून अधिक डळमळ आहे. तिथे पहिलीच निवड तीन शून्यांतली. मारेगावचं शून्य घेतलं तर ३५,०००, राळेगावचं घेतलं तर ३८,२५०, घाटंजीचं घेतलं तर ३९,५००. मात्र हेही लक्षात घ्या की योग्य शून्य लागलं तर किमान खर्चाची पद्धत इष्टतमावर पोचते आणि व्होगेल चुकीच्या बरोबरीत तिच्या मागे पडतो. व्होगेल नेहमीच सरस, असं परीक्षेत लिहू नका. बहुतेक वेळा तो इष्टतमाच्या जास्त जवळ सुरुवात देतो, एवढंच खरं.

उपाय काय? डमीशी बरोबरी आली आणि संकेतांनी सुटली नाही, तर दोन्ही वाटा शेवटपर्यंत सोडवा. तीन ओळींच्या तक्त्यात अर्ध्या पानाचं काम आहे. दुसरा एक मार्ग १९८४ मध्ये गोयल यांनी सुचवला: डमीत शून्याऐवजी तक्त्यातलं सगळ्यात मोठं भाडं लिहून दंड काढायचे, म्हणजे डमीकडे वाटप शेवटी जातं. शेवटचा खर्च काढताना मात्र डमीचं भाडं शून्यच धरायचं. आपल्या गणितात तिथे ९० लिहिले तर चौथ्या फेरीच्या बरोबरीप्रमाणे ३५,७५० किंवा ३६,००० येतात. वाईट वाट टळली, पण ३५,००० हाती लागले नाहीत. म्हणून मॉडीची तपासणी कोणत्याही सुरुवातीनंतर सोडता येत नाही.

३५,००० च्या वाटपात एक चौकट कमी का पडते

मारेगावचे १०० डमीत गेल्यावर तिथे २०० उरतात, आणि वणीची मागणीही २०० च. वाटप होताच ओळ आणि स्तंभ एकदम संपतात. दोघांवर एकाच वेळी काट मारली तर शेवटी सहाच चौकटी भरतात. तीन ओळी आणि पाच स्तंभांना ३ + ५ − १ म्हणजे सात लागतात. सात नसतील तर मॉडीचे आकडे मध्येच तुटतात.

अशा वेळी काट एकावरच मारायची. वणीवर काट मारा, मारेगावची ओळ शून्य पुरवठ्याने उघडी ठेवा आणि दंड नेहमीसारखे काढत चला. मारेगावचा दंड ४० आणि ७० मुळे ३० येतो, तो सगळ्यात मोठा, म्हणून मारेगाव-पांढरकवडा चौकटीत शून्य वाटप लिहा आणि मगच ओळ बंद करा. ते शून्य भरलेली चौकट म्हणून मोजायचं, रिकामं समजून खोडायचं नाही. असं केलं की सात चौकटी होतात आणि मॉडीत एकही ऋण येत नाही.

उलट केलं, मारेगावची ओळ बंद केली आणि वणीचा स्तंभ शून्य मागणीने उघडा ठेवला, तर शून्य राळेगाव-वणी या ६५ च्या चौकटीत जाऊन बसतं. खर्च तोच ३५,००० राहतो, पण मॉडीत राळेगाव-डमीला −३० आणि घाटंजी-डमीला −२५ दिसतं. तिथे घाबरून अख्खं गणित खोडू नका. राळेगाव-डमीचा फेरा मारून बघा: राळेगाव-डमीत घाला, मारेगाव-डमीतून काढा, मारेगाव-वणीत घाला, राळेगाव-वणीतून काढा. काढायच्या चौकटींत १०० आणि शून्य आहेत. लहान आकडा शून्य, म्हणून फिरतात शून्य क्विंटल. माल जागचा हलत नाही, फक्त शून्य राळेगाव-वणीतून राळेगाव-डमीत जातं. त्यानंतर मॉडीचे आकडे पुन्हा काढा. आता एकही ऋण राहत नाही.